गहाळ पासपोर्टचा पोलीस दाखला रशियनमध्ये नेताना : आकडे आणि तारखा

प्रश्न : मी भुसावळची. वैद्यकीय शिक्षण रशियात झाल्यामुळे रशियन लिहिता-वाचता येते, पण मी अनुवादक नाही. अजिंठा पाहायला आलेल्या एका रशियन बाईंचा पासपोर्ट जळगाव स्थानकाच्या आसपास हरवला. पोलिसांनी मराठीत दाखला दिला आहे आणि मुंबईच्या रशियन वाणिज्य दूतावासाला त्याचा रशियन अनुवाद हवा आहे. दाखल्यातला पासपोर्ट क्रमांक आणि बाईंच्या मोबाईलमधल्या फोटोतला क्रमांक जुळत नाही. अनुवादात कोणता लिहू? तारखा कशा लिहू?

उत्तर :

आज दोन्हींपैकी कोणताही लिहू नका. आधी तो दाखला दुरुस्त होतो का ते पाहा आणि मगच अनुवादाला बसा. अनुवादकाने कागदावर जे आहे तेच लिहायचे असते, खरे काय आहे ते नव्हे. ही गोष्ट मला पटायला एक फेरा वाया जावा लागला. सुरुवातीच्या वर्षांत जळगावच्याच एका विद्यार्थ्याच्या कागदात पोलिसांकडून एक आकडा चुकला होता. झेरॉक्स समोर असल्यामुळे मी रशियन मजकुरात बरोबर आकडा लिहिला आणि आपण त्याचे काम सोपे केले असे मला वाटले. समोरच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला मराठी येत नव्हते, पण मूळ कागदावरचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत होता आणि आकडे सगळ्यांनाच वाचता येतात. मूळ आणि अनुवाद जुळत नाहीत एवढ्याच शेऱ्यावर कागद परत आले आणि त्या मुलाला जळगाव ते मुंबई हा सुमारे ४२० किलोमीटरचा प्रवास पुन्हा करावा लागला. चूक पोलिसांची असली तरी परत आलेला कागद माझ्या सहीचा होता.

आता तुमच्या हातातला कागद नेमका कोणता आहे ते पाहू. पासपोर्ट हरवणे हा स्वतःहून गुन्हा नसल्यामुळे पोलीस ठाण्यात त्याची नोंद गहाळ रजिस्टरला होते आणि अर्जदाराला गहाळ दाखला मिळतो. पर्स कापली गेली, बॅग उचलली गेली, असे सांगितले असेल तर चोरीचा गुन्हा दाखल होतो, त्याला गुन्हा रजिस्टर नंबर म्हणजे गु. र. नं. मिळतो, प्रथम खबर लिहिली जाते, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ येते. या दोन कागदांची रशियन शब्दावली वेगळी आहे. गहाळ झालेल्यासाठी ‘उत्राचेन’ किंवा ‘उतेर्यान’ आणि चोरीस गेलेल्यासाठी ‘पोखिशेन’ हे शब्द आहेत. बाई तुम्हाला तोंडी कितीही ठामपणे ‘उक्राली’ म्हणजे चोरला असे सांगत असल्या, तरी दाखल्यात ‘कोठेतरी पडून गहाळ झाला’ असे असेल तर अनुवादात चोरीची सावलीही पडता कामा नये. तसेच गहाळ दाखल्यातली व्यक्ती ‘अर्जदार’ म्हणजे ‘झायवीतेल’ असते. तिला ‘पोतेर्पेव्शी’ म्हणजे पीडित लिहिले की वाचणारा न घडलेला गुन्हा शोधू लागतो.

आता क्रमांकाकडे येऊ. रशियन नागरिकाकडे दोन पासपोर्ट असतात हे तुम्हाला तिथे राहून ठाऊक असेलच, पण आपल्या ठाणे अंमलदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. देशातल्या देशात वापरायच्या पासपोर्टची मालिका चार आकडी आणि क्रमांक सहा आकडी, म्हणजे एकूण दहा आकडे असतात. परदेशात वापरायच्या पासपोर्टची, म्हणजे ‘झाग्रान’ची, मालिका दोन आकडी आणि क्रमांक सात आकडी, म्हणजे एकूण नऊ आकडे असतात. म्हणून पहिली तपासणी नुसती मोजदाद आहे. दाखल्यात दहा आकडे असतील तर बाईंनी घाबरून देशांतर्गत पासपोर्टचा क्रमांक सांगितलेला असू शकतो, आठ असतील तर एक आकडा गळला आहे, आणि क्रमांकात लॅटिन अक्षरे आली असतील तर तो बहुधा भारतीय व्हिसाचा क्रमांक आहे. तुमच्या प्रकरणात दोन्हीकडे नऊ आकडे आहेत पण क्रम वेगळा आहे असे मी गृहीत धरतो, कारण सर्वांत जास्त तेच घडते. कोणी तरी आकडे वाचून दाखवतो, दुसरा लिहून घेतो आणि मधले दोन आकडे जागा बदलतात. आमच्याकडे तर वाचणारा अहिराणीत ‘चौतीस’ म्हणतो, मग स्वतःच्याच बोलण्यावर शंका घेऊन ‘तीन, चार’ असे सुटे सांगतो, तोवर लिहिणाऱ्याचा हात पुढे गेलेला असतो.

उदाहरणासाठी बनावट क्रमांक घेऊ. समजा दाखल्यात ७५१२४३५६७ आहे आणि मोबाईलमधल्या फोटोत ७५१२३४५६७ दिसतो. फोटोच खरा असे समजू नका, कारण फोटो पुसट असतो, प्लास्टिकवर उजेड चमकलेला असतो आणि तीनचा आठ दिसू शकतो. पण पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सर्वांत खाली दोन ओळी असतात. त्या यंत्राने वाचायच्या असतात आणि त्यांतली दुसरी ओळ आपल्या कामाची आहे. तिचे पहिले नऊ आकडे म्हणजे पासपोर्ट क्रमांक, दहावा आकडा पडताळणीचा, आणि त्यापुढे नागरिकत्वाची तीन अक्षरे. आपल्या उदाहरणात ती ओळ अशी सुरू होईल:

```
7512345672RUS
```

दहाव्या जागेवरचा दोन हा पहिल्या नऊ आकड्यांवरून काढलेला आहे. नऊ आकड्यांना डावीकडून अनुक्रमे सात, तीन, एक, पुन्हा सात, तीन, एक असे गुणायचे, सगळे गुणाकार मिळवायचे आणि बेरजेचा एकम स्थानचा आकडा घ्यायचा. ही पद्धत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासाच्या कागदपत्रांसाठी ठरवलेली आहे, म्हणून ती रशियन पासपोर्टला लागते तशी आपल्या भारतीय पासपोर्टलाही लागते.

```
7×7 + 5×3 + 1×1 + 2×7 + 3×3 + 4×1 + 5×7 + 6×3 + 7×1 = 152
```

बेरीज १५२ आली, शेवटचा आकडा दोन, आणि ओळीतही दोनच आहे. आता दाखल्यातला क्रमांक याच रीतीने तपासला तर बेरीज १५४ येते आणि शेवटचा आकडा चार निघतो. म्हणजे फोटोतला क्रमांक स्वतःशी जुळतो आणि दाखल्यातला जुळत नाही. वहीच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत होणारे हे गणित आहे, पण ते करून ठेवले की ठाण्यात जाताना ‘मला वाटते चुकले आहे’ असे म्हणावे लागत नाही.

या पडताळणीला एक मर्यादा आहे. एखादा आकडा बदलून लिहिला गेला असेल तर ती चूक नेहमी पकडली जाते. शेजारचे दोन आकडे उलटे झाले असतील तर त्यांच्यातला फरक पाच असताना मात्र चूक निसटते. एक आणि सहा, दोन आणि सात, तीन आणि आठ अशा जोड्यांची अदलाबदल झाली तरी शेवटचा आकडा तोच राहतो. म्हणून अशी जोडी शेजारी-शेजारी दिसली की दुसरा पुरावा शोधावा. तो जवळच असतो. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने त्याची माहिती चोवीस तासांत पाठवायची असते. जिला आपल्याकडे सगळे ‘सी फॉर्म’ म्हणत आले त्या माहितीत पासपोर्ट क्रमांक असतो आणि हॉटेलवाल्याने तो पासपोर्ट हातात धरून भरलेला असतो. बाई ज्या हॉटेलात उतरल्या तिथे ही प्रत मागा. विमानाच्या तिकिटावरचा किंवा व्हिसाच्या प्रतीवरचा क्रमांकही चालेल, पण तो त्यांनी स्वतः टंकलेला असल्यामुळे मी त्याला खालचा दर्जा देतो.

एवढे झाल्यावर ठाण्यात जा. सोबत बाईंना घ्या, फोटोची छापील प्रत घ्या आणि क्रमांक दुरुस्तीचा एक साधा अर्ज मराठीत लिहून न्या. ‘काय व्हयनं ताई, परत का उन्यात?’ असे विचारले जाईल, पण अर्ज आणि प्रत समोर असली की काम अडत नाही, असा माझा अनुभव आहे. नवा दाखला मिळाला तर उत्तम. रजिस्टरची नोंद आधीच झाली आहे म्हणून जुन्याच दाखल्यावर हाताने दुरुस्ती करून देत असतील, तर खाडाखोडीशेजारी अधिकाऱ्याची सही, तारीख आणि शिक्का घ्या, कारण सहीविना खोडलेला आकडा दूतावासाच्या खिडकीवर संशयास्पद ठरतो. अनुवादात ती दुरुस्तीही दाखवावी लागते. आधी छापलेला क्रमांक काय होता, तो खोडून काय लिहिले आणि शेजारी सही-शिक्का आहे, एवढे चौकटी कंसात लिहायचे.

दाखला दुरुस्त होत नसेल आणि बाईंचे विमान परवावर आले असेल, तर मूळात जो चुकीचा क्रमांक आहे तोच लिहायचा आणि लगेच चौकटी कंसात ‘मूळात असेच’ या अर्थाचा रशियन शेरा द्यायचा. खरा क्रमांक अनुवादाच्या अंगात घालायचा नाही. तो बाईंनी स्वतःच्या अर्जात लिहावा, सोबत पासपोर्टची प्रत जोडावी आणि फरकाचा खुलासाही त्यांनीच स्वतःच्या सहीने करावा. तुमच्या शेऱ्याचे रूप इतकेच:

```
паспорт № 751243567 [так в оригинале]
```

आता देवनागरी आकड्यांविषयी थोडे, कारण या कामातल्या निम्म्या चुका तिथे जन्मतात. संगणकावर छापलेल्या दाखल्यातही रिकाम्या जागा बऱ्याचदा पेनाने भरलेल्या असतात. घाईच्या अक्षरात एक आणि नऊ यांच्यातला फरक एका शेपटीचा असतो, आणि चार व पाच एकमेकांत मिसळतात. त्यात एकाच कागदावर काही आकडे देवनागरी आणि काही इंग्रजी असले की डोळा फसतो. देवनागरी चार इंग्रजी आठासारखा भासतो, देवनागरी सात इंग्रजी सहासारखा, आणि देवनागरी एक तर रशियन माणसाला सरळ नऊच दिसतो. शंका असलेला आकडा त्याच हस्ताक्षरातल्या दुसऱ्या, नक्की माहीत असलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. चालू वर्ष कागदावर दोनतीन ठिकाणी असतेच, त्यामुळे लिहिणाऱ्याचा दोन आणि शून्य कसा असतो ते लगेच कळते. दाखल्याची संगणकीय प्रत मिळाली तरी तिच्यातून आकडे उचलून चिकटवू नका. जुन्या मराठी फॉन्टांत लिहिलेला मजकूर दुसरीकडे गेला की अक्षरांचा जसा कचरा होतो, तसेच आकड्यांचे आणि तिरक्या रेघेचेही होऊ शकते, आणि आकडा बदलला तर तो कचऱ्यासारखा दिसत नाही, व्यवस्थित आकड्यासारखाच दिसतो.

कागदावर पासपोर्टखेरीज आणखी दोन क्रमांक असतात आणि नवशिक्या माणसाची त्यांत गल्लत होते. वरच्या बाजूचा ‘जा. क्र.’ हा जावक क्रमांक आहे आणि त्याला रशियन कार्यालयात अगदी हुबेहूब जोड आहे, ‘इस्खोद्याश्ची नोमेर’, ज्याचे संक्षिप्त रूप तिथला कोणताही कारकून ओळखतो. दुसरा गहाळ रजिस्टरचा क्रमांक. तो ‘१४७/२५’ असा असेल तर रशियनमध्येही दोनच आकड्यांचे वर्ष ठेवा, ते वाढवून चार आकडी करू नका. दूतावासाने ठाण्याला विचारणा केली तर रजिस्टरात शोधायचा क्रमांक तोच असतो.

तारखांचे गणित वरवर सोपे आहे, कारण मराठी आणि रशियन दोन्ही भाषांत आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असा क्रम आहे. आपली तिरकी रेघ जाऊन तिथे टिंब येते, एवढाच फरक. महिना शब्दांत लिहायचा असेल तर तो षष्ठीत आणि छोट्या अक्षराने सुरू होतो आणि पुढे वर्षाचे संक्षेपचिन्ह येते. दोन्ही रीती चालतात, पण मूळात तारीख आकड्यांत असेल तर अनुवादातही ती आकड्यांतच ठेवावी असे माझे मत आहे, कारण ताडून पाहणारा माणूस मूळ कागदावर बोट ठेवून आकडेच शोधत असतो.

खरा घोळ असतो तो कोणती तारीख कशाची आहे याचा. एका दाखल्यावर निदान तीन तारखा असतात: पासपोर्ट गहाळ झाल्याची, नोंद केल्याची आणि दाखला दिल्याची. रात्रीच्या गाडीने उतरलेला प्रवासी सकाळी हॉटेलात गेल्यावर बॅग उघडतो, दुपारी ठाण्यात येतो आणि दाखला दुसऱ्या दिवशी मिळतो, म्हणून या तीन तारखा एकमेकींना लागून असतात आणि डोळा एकीवरून दुसरीवर सहज घसरतो. त्यांना एकसारखे करण्याचा मोह टाळा. चौथी तारीख पासपोर्ट दिल्याची आणि पाचवी मुदत संपण्याची असू शकते. इथे एक बारकावा आहे. आपल्या भारतीय पासपोर्टची मुदत दिल्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी संपते. रशियन पासपोर्टवर पाच किंवा दहा वर्षांनंतरची तीच तारीख असते. दोन्हीकडे एकच दिवस आणि महिना पाहून ‘पोलिसांनी नजरचुकीने तीच तारीख पुन्हा लिहिली’ असे वाटले तरी हात लावू नका.

मध्यरात्रीची वेळ हा या कामातला सर्वांत अवघड प्रसंग. मराठीत ‘दि. ०३/०३/२०२५ रोजी रात्री १२.३० वा.’ असे लिहिले असेल तर ती तीन तारीख उजाडण्याआधीची रात्र आहे की तीन तारखेचा दिवस मावळल्यानंतरची, हे वाक्यावरून कळत नाही. आपल्या बोलण्यात दिवस सूर्याबरोबर बदलतो, रेल्वेच्या वेळापत्रकात तो मध्यरात्री बदलतो, आणि हवालदार यांपैकी कोणत्या हिशेबाने लिहीत होता ते त्यालाच ठाऊक. तुम्ही रशियनमध्ये ‘००:३०’ लिहिलेत तर तुम्ही त्याच्या वतीने निर्णय दिलात आणि बाईंच्या तिकिटाशी तो जुळला नाही तर एका दिवसाचा फरक दिसेल. दाखला दुरुस्त करायला जाणारच आहात तर ही वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहून घ्या. ते जमले नाही तर रशियन भाषाही ‘रात्रीचे साडेबारा’ असे म्हणू शकते, तेच लिहा आणि मूळातला संदेह मूळातल्याइतकाच राहू द्या:

```
03.03.2025 в 12:30 ночи
```

‘पहाटे ४.१० वा. चे सुमारास’ यात मात्र असा पेच नाही. तिथे चोवीस तासांच्या पद्धतीने ०४:१० लिहिल्यास पहाट आपोआप येते. ‘सुमारास’ हा शब्द तेवढा गाळू नका, कारण तो गळला की अंदाजाने सांगितलेली वेळ पक्की होऊन बसते. दाखल्यातले मधले वाक्य साधारणपणे असे असते: ‘दि. ०४/०३/२०२५ रोजी पहाटे ०४.१० वा. चे सुमारास जळगाव रेल्वे स्थानक परिसरात अर्जदार यांचा पासपोर्ट क्र. ७५१२३४५६७ हा कोठेतरी पडून गहाळ झाला आहे.’ दाखला दुरुस्त झाल्यानंतर मी ते असे लिहीन:

```
04.03.2025 около 04:10 в районе железнодорожного вокзала
Джалгаон паспорт № 751234567, принадлежащий заявителю,
выпал в неустановленном месте и был утрачен.
```

क्रमांक मी मालिका आणि क्रमांक असा तोडलेला नाही, कारण मूळात तो अखंड आहे. गावाचे नाव रशियन नकाशांत रूढ आहे तसे घेतले आहे. आपला दंत्य ज आणि ळ दाखवण्याचा हट्ट इथे करू नये, पासपोर्ट शोधणाऱ्याला ध्वनिशास्त्राचा उपयोग नाही. जिल्ह्याला ‘ओक्रुग’, राज्याला ‘श्तात’. हुद्द्यांचे रशियन हुद्दे मात्र करू नका. पोलीस हवालदाराचा ‘सेर्झांत’ केला तर तो वेगळाच अधिकारी होतो, म्हणून हुद्दा लिप्यंतर करून लिहावा आणि बक्कल नंबर जसाच्या तसा द्यावा.

बाईंच्या नावाकडे वेगळे लक्ष द्या. रशियन पासपोर्टवर नाव लॅटिन लिपीतही असते आणि आपला हवालदार तेच वाचून देवनागरीत उतरवतो. आता नमुन्यादाखल हे नाव पाहा:

```
SEMENOVA IULIIA
Семенова Юлия   /   Семёнова Юлия
```

पहिल्या ओळीवरून आपल्याकडे ‘सेमेनोवा इउलीया’ असे लिहिले जाणे अगदी स्वाभाविक आहे. पण ते देवनागरी रूप अक्षराला अक्षर लावून परत रशियनमध्ये नेले तर अस्तित्वात नसलेली बाई तयार होते. पासपोर्टच्या लिप्यंतराच्या नियमाने ‘यु’ आणि ‘या’ यांच्यासाठी लॅटिनमध्ये दोन-दोन अक्षरे येतात, म्हणून ‘युलिया’ हे साधे नाव असे विचित्र दिसते. आडनावात तर पेच आणखी आहे. लॅटिनमधल्या एकाच अक्षरामागे रशियनचे ‘ये’ असू शकते किंवा दोन टिंबांचे ‘यो’ असू शकते, आणि रशियन कार्यालयांत या दोन टिंबांवरून कागद परत येतात हे तुम्ही तिथे राहून ऐकले असेल. तेव्हा नाव दाखल्यावरून रचू नका. पासपोर्टच्या फोटोत रशियन लिपीतही नाव असते, तिथून ते टिंबांसकट उतरवा. वडिलांच्या नावावरून आलेले नाव पासपोर्टवर फक्त रशियन ओळीत असते आणि दाखल्यात बहुधा नसते. दाखल्यात नाही म्हणून अनुवादातही नाही. तुम्ही म्हणाल की आकड्यांत मूळ सोडायचे नाही आणि नावात मात्र मूळ सोडून पासपोर्ट पाहायचा, हा विरोध नाही का? नाही, कारण आकडा दोन्ही लिप्यांत तोच असतो आणि नाव मात्र रशियनमधून निघून लॅटिन व देवनागरी असा फेरा मारून आलेले असते. त्याला त्याच्या घरच्या रूपात लिहिणे हेच अचूक लिप्यंतर. हवालदाराने आडनावच वेगळे लिहिले असेल तर ती गोष्ट निराळी, तिथे पुन्हा ‘मूळात असेच’ हा शेरा येतो.

टंकताना होणारी एक चूक कागदावर दिसत नाही, म्हणून सांगतो. दाखल्यात भारतीय व्हिसाचा क्रमांक असेल तर त्यातली अक्षरे लॅटिन असतात. तुमचा कळफलक त्या वेळी रशियनवर असतो आणि रशियन लिपीतली डझनभर मोठी अक्षरे दिसायला लॅटिनसारखीच आहेत. छापील कागदावर कोणालाच फरक कळणार नाही, पण दूतावासाने मागितलेल्या फाइलमधून तो क्रमांक कोणी उचलून शोधला तर काहीच सापडणार नाही. पूर्ण मजकूर झाल्यावर कळफलक इंग्रजीवर आणून त्या अक्षराचा फाइलमध्ये शोध घ्या. सापडले तर लॅटिन आहे, नाही तर पुन्हा टंका. क्रमांकाचे चिन्ह आणि क्रमांक यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा टाका, म्हणजे ओळ संपताना क्रमांक दुभंगणार नाही.

शिक्का, सही, ‘सदरचा दाखला दुय्यम कागदपत्र मिळणेकामी देण्यात येत आहे’ ही तळटीप, हाताने लिहिलेला शेरा, हे सगळे अनुवादात यावे. गोल शिक्क्यातला मजकूर लिहून तो गोल शिक्का आहे असे नोंदवावे, सहीच्या जागी कंसात सही, आणि वाचता येत नाही तिथे वाचता येत नाही असेच लिहावे. परिच्छेदांची मांडणी मूळ कागदासारखी ठेवली तर ताडून पाहणाऱ्याचे काम सोपे होते. मूळातला इंग्रजी मथळाही रशियनमध्ये आणा, पण मराठी मजकूर आधी इंग्रजीत करून मग रशियनमध्ये नेऊ नका. इंग्रजीत ‘गहाळ’ आणि ‘हरवलेली व्यक्ती’ यांना एकच शब्द वापरला जातो, आणि एका अनुवादात पासपोर्टऐवजी अर्जदार बाईच बेपत्ता झाल्याचे मी वाचले आहे.

शेवटची तपासणी एकटीने करू नका. घरातल्या कोणाला तरी मूळ दाखला घेऊन बसवा. त्यांना रशियन येण्याची गरज नाही. तुम्ही अनुवादातला प्रत्येक आकडा सुटा-सुटा आणि उजवीकडून डावीकडे मराठीत वाचा, त्यांनी मूळावर बोट फिरवत होकार द्यावा. उलटे वाचल्यामुळे सवयीने पुढचा आकडा तोंडातून आपोआप निघत नाही. फोटोवरून पासपोर्ट क्रमांक तपासणे हे या बैठकीत करायचे नाही, इथे फक्त दाखला आणि अनुवाद.

राहता राहिला प्रमाणित करण्याचा प्रश्न. रशियन नोटरी कायद्यानुसार नोटरीला दोन्ही भाषा येत असतील तर तो अनुवादाच्या अचूकतेवर शिक्कामोर्तब करतो. भाषा येत नसेल तर अनुवाद अनुवादकाने करायचा आणि नोटरीने फक्त अनुवादकाची सही खरी असल्याचे प्रमाणित करायचे. वाणिज्य दूतावासातील अधिकारी नोटरीची कामे करतो, पण त्याला मराठी येत असण्याची शक्यता कमी, म्हणून तुम्हाला स्वतः हजर राहून सही करायला सांगतील किंवा तुमचे निवेदन पुरेसे मानतील. छपाईच्या आधी त्यांना दूरध्वनी करून हे विचारून घ्या आणि त्याच वेळी पोलिसांनी इंग्रजीत दाखला दिला तर अनुवादाशिवाय चालेल का तेही विचारा. चालत असेल तर ठाण्यात इंग्रजी दाखल्याचा अर्ज द्या आणि माझे हे उत्तर फक्त क्रमांक तपासण्यापुरते वापरा. अनुवादच लागणार असेल तर शेवटी मराठीतून रशियनमध्ये अनुवाद केल्याचे निवेदन, तुमचे पूर्ण नाव, अनुवादाची तारीख आणि सही द्या. ही तारीख दाखल्याच्या तारखांपासून वेगळ्या ओळीत, अनुवादाच्या मजकुराखाली रेघ मारून लिहा, नाही तर तीही दाखल्यातलीच एक तारीख समजली जाते.

बाईंच्या हाती मूळ दाखला, त्याच्या दोन झेरॉक्स आणि अनुवादाच्या दोन प्रती देऊन पाठवा. मूळ दाखला तिकडे ठेवून घेतला तरी भारतातून बाहेर पडण्याच्या परवानगीसाठी इथल्या परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला तोच दाखवावा लागतो, म्हणून ठाण्यात दुरुस्तीसाठी जाल तेव्हाच सही-शिक्क्याच्या दोन मूळ प्रती मागून घ्या.